जिरायत गट पुरेसा असताना: चोपडा तालुक्यातल्या एका दरखास्तीचा अभ्यास

दिवाणी दावा जिंकणं आणि पैसे हातात पडणं यांच्यामध्ये दरखास्त नावाची, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली करून घेण्याची, एक वेगळीच लढाई असते. खान्देशातल्या तालुका कोर्टांमध्ये ती बहुतेक वेळा शेतजमिनीवरून होते. खाली मांडलेलं प्रकरण एका विशिष्ट फाइलचं नाही. अशा दरखास्तींमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधलं आहे आणि हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत. कायदा मात्र जसा आहे तसाच आहे.

चोपडा तालुक्यातल्या एका गावातले शेतकरी, त्यांना आप्पा म्हणू, तालुक्याच्या गावातल्या एका कृषी केंद्रातून खत, औषधं आणि ठिबकचं सामान उधारीवर आणत. कृषी केंद्राच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. केळीचा भाव पडला, एक मृगबाग वादळात आडवी झाली आणि खातं थकलं. शेठनी जून २०१७ मध्ये दावा लावला. ऑगस्ट २०१९ मध्ये हुकूमनामा झाला: मुद्दल ६,४०,००० रुपये, दाव्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के सरळ व्याज आणि खर्चाचे ३८,००० रुपये. आप्पांनी अपील केलं नाही. हुकूमनामा एकतर्फी नव्हता, ते हजर होते, फक्त शेवटी शेवटी तारखांना जायचे थांबले.

शेठनी दरखास्त लावली ती जून २०२२ मध्ये. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त लावायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षं मिळतात, त्यामुळे उशीर झाला असं म्हणण्यात अर्थ नव्हता. फक्त हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली असली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २२ खाली आधी कारणे दाखवा नोटीस काढावी लागते. ती निघाली आणि आप्पांना मिळाली. पारावर एकाने त्यांना धीर दिला, "आप्पा, जमीन काय कोनी उचली लई जास?"

या एका वाक्याने पुढे बरंच नुकसान केलं. खान्देशात काय किंवा राज्यात इतरत्र काय, शेतकऱ्याची जमीन दिवाणी हुकूमनाम्यात जप्त होत नाही असा एक पक्का गैरसमज आहे. तो येतो संहितेच्या कलम ६० वरून. त्या कलमात शेतकऱ्याला संरक्षण आहे, पण ते राहत्या घराला, त्या घराला लागून असलेल्या आवश्यक जागेला, शेतीच्या अवजारांना, उपजीविकेसाठी लागणाऱ्या गुराढोरांना आणि बियाण्याला आहे. सातबाऱ्यावरच्या जमिनीला नाही. जमिनीला वेगळी संरक्षणं असतात, ती दुसऱ्या कायद्यांतून येतात. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर आदिवासीकडे कोर्टाच्या लिलावातूनही परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. चोपडा, यावल आणि पलीकडे नंदुरबारच्या बाजूला हे पहिल्यांदा तपासायचं असतं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. आप्पांची जमीन साधी वर्ग १ ची होती.

काय जप्त करायचं

शेठच्या वकिलांनी दरखास्तीच्या तक्त्यात वसुलीच्या तऱ्हा लिहिताना हात आखडता घेतला नाही. जंगम मालमत्तेची जप्ती, दोन्ही गटांची जप्ती आणि लिलाव, गावातल्या घराची जप्ती, आणि वर आप्पांना दिवाणी कैदेत टाकण्याची मागणी. एकाच वेळी अनेक तऱ्हा मागता येतात, कोर्टाला त्यांतल्या काही नाकारता येतात, एवढंच.

कैदेचा मुद्दा लवकर मिटला. कलम ५१ च्या परंतुकाप्रमाणे नुसतं देणं थकलं म्हणून कैद होत नाही. हुकूमनाम्यानंतर देण्याची ऐपत होती आणि तरी टाळलं, किंवा वसुली हुकवण्यासाठी मालमत्ता लपवली, पळवली, असं काहीतरी दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे ठासून सांगितलं आहे. शेठकडे तसं काही नव्हतं.

बेलीफ जंगम जप्तीचं वॉरंट घेऊन घरी गेले तेव्हा हाती फारसं लागलं नाही. भांडीकुंडी, अंथरुणं वगळली जातातच. बैलजोडी कलम ६० मध्ये बसते. ट्रॅक्टर अवजार म्हणून सुटतो की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण तो कर्जावर होता आणि हप्ते थकलेले, म्हणून शेठनीच तो नाद सोडला. शेतात उभी केळी होती. उभं पीक संहितेच्या व्याख्येत जंगम मालमत्ता आहे, आणि जे पीक साठवून ठेवता येत नाही ते कापणीआधीच उभ्याने विकायची सोय आदेश २१ च्या नियम ७५ मध्ये आहे. घेणाऱ्याला शेतात शिरून पिकाची निगा राखण्याचा आणि घड काढण्याचा हक्क मिळतो. कागदावर हे केळीसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात राखणदाराचा खर्च डिक्रीदाराने, म्हणजे हुकूमनामा मिळवलेल्या शेठनी, आधी भरायचा, पाणी कोण देणार यावरून भांडण, आणि कोर्टाची चिठ्ठी लागलेल्या बागेत व्यापारी पाय ठेवायला तयार नसतो. शेठनी तीही वाट सोडली. मला वाटतं कापसाच्या गाठी किंवा हरभरा असता तर त्यांनी सोडली नसती.

घराची हरकत मात्र लढली गेली. शेठचं म्हणणं होतं की आप्पांच्या मुलाचं चोपड्यात मोबाइलचं दुकान आहे, घर त्यावर चालतं, मग आप्पा शेतकरी कसले? कलम ६० च्या स्पष्टीकरणात शेतकऱ्याची व्याख्या दिली आहे: जो जमीन स्वतः कसतो आणि ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर आहे. स्वतः कसणं म्हणजे स्वतःच्या हाताने, कुटुंबातल्या माणसांच्या मदतीने किंवा रोख वा धान्याच्या मजुरीवर मजूर लावून. बटाईने दिलेली जमीन यात बसत नाही. आप्पांनी सातबाऱ्यावरची पीकपाहणी, केळीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि सोसायटीचं पीककर्जाचं खातं दाखल केलं. दुकान मुलाचं होतं, देणं वडिलांचं. कोर्टाने घर जप्तीतून सोडलं. हरकत जिंकली ती कागदांवर. नुसतं "मी शेतकरी आहे" असं शपथपत्र दिलं असतं तर सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच होता.

रोख दिलेले दोन लाख

मग आप्पांनी सांगितलं की हुकूमनाम्यानंतर त्यांनी पैसे दिले आहेत. २०२० च्या दिवाळीनंतर केळीचे पैसे आले तेव्हा एक लाख बँकेतून शेठच्या खात्यावर पाठवले आणि दोन लाख रोख दुकानात नेऊन दिले. शेठच्या दरखास्तीत मात्र "हुकूमनाम्यानंतर काही रक्कम मिळाली काय" या रकान्यात "नाही" असं लिहिलेलं.

आदेश २१ च्या नियम १ आणि २ ची इथे गाठ पडते. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर द्यायचे तर ते बँकेतून, मनीऑर्डरने किंवा लेखी पुरावा राहील अशा रीतीने द्यायचे. दिल्यावर डिक्रीदाराने ते कोर्टाला कळवायचं असतं. त्याने नाही कळवलं तर देणाऱ्याने स्वतः अर्ज करून नोंद करून घ्यायची, आणि त्यासाठी मुदत फक्त ३० दिवसांची. नोंद न झालेली रक्कम दरखास्त चालवणारं कोर्ट विचारात घेऊच शकत नाही, असं नियम २ चं तिसरं पोटकलम म्हणतं. आप्पांनी अर्ज केला नव्हता. रोखीची पावती नव्हती. साक्षीदार होता, दुकानात त्या दिवशी बसलेला एक गाववाला. पण नियमाला साक्षीदार नको आहे, कागद हवा आहे किंवा डिक्रीदाराची कबुली हवी आहे.

बँकेच्या एका लाखाचंही ३० दिवसांचं दार बंद झालं होतं. तिथे आप्पांच्या वकिलांनी शहाणपणा केला. अर्ज न करता त्यांनी पासबुकाची प्रत थेट शेठच्या वकिलांपुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, उलटतपासात हे दाखवायचं की तुम्हीच पुरसीस देताय?" डिक्रीदाराने स्वतः रक्कम मिळाल्याचं कळवायला तशी मुदत नाही. दुसऱ्या तारखेला एक ओळीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, आली: १,००,००० रुपये मिळाले, ते हिशोबात धरावेत.

हिशोब असा झाला. मुद्दल ६,४०,०००, जून २०१७ ते जून २०२२ पाच वर्षांचं व्याज २,८८,०००, खर्च ३८,०००, एकूण ९,६६,०००. त्यातून एक लाख वजा होऊन ८,६६,००० राहिले. अशी रक्कम आधी व्याज आणि खर्चात जिरवली जाते, मुद्दलात नाही. म्हणून मुद्दल ६,४०,००० तसंच राहिलं आणि वर्षाला ५७,६०० रुपयांचं व्याज पुढे चालूच राहिलं. आप्पांना हे बरेच दिवस पटलं नाही. लाख दिल्यावर व्याज कमी व्हायला हवं, असं ते म्हणत.

दोन लाख रोखीचे बुडाले असं मी म्हणणार नाही, पण या दरखास्तीपुरते ते नव्हतेच. आप्पा म्हणाले की दुकानातून आणलेलं खत भेसळीचं होतं, व्याज जास्त लावलं. या गोष्टी दाव्यात मांडायच्या होत्या. दरखास्तीचं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तो बरोबर होता का हे पाहत नाही. हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाला मुळात अधिकारच नव्हता अशी फार थोडी प्रकरणं वगळली तर हा नियम पक्का आहे. आणि कुणी सुचवलं तसा वेगळा मनाईचा दावा लावायचाही उपयोग नव्हता, कारण वसुलीसंबंधीचे दोन्ही पक्षांमधले प्रश्न कलम ४७ खाली त्याच दरखास्तीत सुटायचे असतात.

मुलाची हरकत

दोन्ही गट नियम ५४ प्रमाणे जप्त झाले. जप्तीचा हुकूम शेतात लावला, कोर्टाच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर गेला, ग्रामपंचायतीत लागला, गावात दवंडी झाली आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद पडली. या क्षणापासून आप्पांनी जमीन खाजगीत विकली असती तर कलम ६४ मुळे ती विक्री जप्तीतल्या हक्कापुढे टिकली नसती.

मग मुलाने नियम ५८ खाली अर्ज दिला. जमीन वडिलोपार्जित आहे, माझा जन्मतः हिस्सा आहे, वडिलांच्या देण्यासाठी माझा हिस्सा विकता येणार नाही. मुद्दा दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. पूर्वी बापाचं देणं फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानून त्याचा हिस्साही विकला जाई. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ च्या दुरुस्तीने नवीन कर्जांबाबत ते कारण बंद केलं. आप्पांचं देणं त्यानंतरचं होतं. पण शेठच्या वकिलांनी धर्मकर्तव्याचा आधार घेतलाच नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: खत, औषधं, ठिबक हे सगळं एकत्र कुटुंबाच्या शेतीसाठीच गेलं, कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्याने केलेलं देणं सगळ्यांच्या हिश्शांना बांधतं. बिलांवर गट नंबर लिहिलेले होते, ठिबकचं बिल तर थेट बागायत गटाचं. मुलाचा अर्ज फेटाळला गेला. हेच देणं आप्पांनी मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहून ओढवून घेतलेलं असतं तर निकाल उलट लागण्याची चांगली शक्यता होती. अशा अर्जावरचा निर्णय हुकूमनाम्यासारखाच धरला जातो आणि त्यावर अपील होतं, पण मुलाने केलं नाही.

जाहीरनामा

आता प्रकरणाचा गाभा. आप्पांचे दोन गट होते. एक बागायत, १ हेक्टर २१ आर म्हणजे तीन एकर, विहीर, ठिबक, केळी. दुसरा जिरायत, तोही १ हेक्टर २१ आर, कापसाचा. गावच्या चालीप्रमाणे बागायतीचा भाव एकरी १३ लाख, जिरायतीचा साडेपाच. म्हणजे बागायत ३९ लाखांची, जिरायत साडेसोळा लाखांची, मिळून साडेपंचावन्न लाख.

लिलावाआधी जाहीरनामा ठरवायचा असतो. त्यासाठी नियम ६६ ची नोटीस आप्पांना आली. नोटीस म्हणजे काय तर अमुक तारखेला हजर राहून जाहीरनाम्यातला मजकूर ठरवताना तुमचं म्हणणं द्या. त्या जाहीरनाम्यात मालमत्तेचं वर्णन, तिच्यावरचे बोजे, वसूल करायची रक्कम आणि किंमत येते. किंमत कोर्टाने स्वतः ठरवायलाच हवी असं नाही, पण पक्षकारांनी सांगितलेली किंमत छापावी लागते. म्हणजे ऋणकोने सांगितलीच नाही तर डिक्रीदाराची एकटी किंमत छापून जाते. आप्पा गेले नाहीत. एवढ्या नोटिसा आल्या होत्या, त्यांतली ही आणखी एक, असं त्यांनी धरलं. माझ्या मते पूर्ण दरखास्तीत ऋणकोने एकच तारीख पाळायची असेल तर ती ही. घराची आणि मुलाची हरकत लढवणारे वकीलही या तारखेला स्थगिती मागण्यात गुंतले होते, म्हणणं दाखल झालंच नाही.

जाहीरनामा जून २०२४ मध्ये निघाला. वसुलीची रक्कम ९,९८,०००: आधीचे ८,६६,०००, पुढच्या दोन वर्षांचं व्याज १,१५,२०० आणि दरखास्तीचा खर्च १६,८००. किंमत शेठनी सांगितलेली, दोन्ही गटांची मिळून ३६ लाख. आणि दोन्ही गट एकाच ढिगात.

ऑगस्टमध्ये नाझरांनी लिलाव केला. तिघांनी बोली लावली, ३४ लाखांवर बोली थांबली. घेणारा शेजारच्या तालुक्यातला, सातबारा नावावर असलेला. तो तपास आवश्यकच होता, कारण कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टाच्या लिलावातही शेतजमीन बिगर शेतकऱ्याला घेता येत नाही. त्याने तिथल्या तिथे २५ टक्के म्हणजे साडेआठ लाख भरले आणि उरलेले साडेपंचवीस लाख १५ दिवसांत. ही १५ दिवसांची अट कोर्टालाही वाढवता येत नाही, चुकली तर लिलाव शून्य.

दहा लाखांच्या आतल्या देण्यासाठी साडेपंचावन्न लाखांची सगळी जमीन गेली होती.

दोन दारं, एकातूनच जाता येतं

लिलावानंतर आप्पांकडे ६० दिवस होते आणि दोन वाटा होत्या. नियम ८९ खाली पैसे भरून लिलाव मोडता येतो: जाहीरनाम्यातली रक्कम ९,९८,००० डिक्रीदारासाठी, आणि घेणाऱ्यासाठी त्याच्या किमतीच्या ५ टक्के म्हणजे १,७०,०००. एकूण ११,६८,०००, साठ दिवसांच्या आत आणि पूर्ण. चूक कोणाची, काय झालं, काहीच सिद्ध करायचं नाही. दुसरी वाट नियम ९० ची: जाहीरनाम्यात किंवा लिलावात गंभीर अनियमितता किंवा फसवणूक झाली आणि त्यामुळे आपलं खरोखर मोठं नुकसान झालं, हे दोन्ही सिद्ध करायचं. भाव कमी आला एवढं पुरत नाही, आणि अनियमितता झाली पण नुकसान दाखवलं नाही तरीही पुरत नाही.

दोन्ही वाटांवर एकदम चालता येत नाही. नियम ९० चा अर्ज दिला असेल तर तो मागे घेतल्याशिवाय नियम ८९ चा अर्ज चालत नाही. साठ दिवस मात्र दोन्हीकडे तेच पळत असतात. आप्पांना ११,६८,००० कुठून उभे करायचे हे कळेना. नातलगांकडून सात लाखांपर्यंत मजल गेली, पुढे नाही. त्यांनी नियम ९० चा अर्ज ५२ व्या दिवशी दाखल केला.

शेठच्या आणि घेणाऱ्याच्या वकिलांचं उत्तर तयार होतं. नियम ९० च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे जे कारण जाहीरनामा तयार होण्याआधी मांडता आलं असतं ते नंतर मांडता येत नाही. आप्पांना नोटीस मिळाली होती, ते आले नाहीत, आता एक गट पुरेसा होता हे म्हणण्याचा अधिकार त्यांनी गमावला. युक्तिवाद हलका नव्हता. किमतीच्या तक्रारीपुरता तो बरोबरच ठरला. ३६ लाखांची किंमत चुकीची होती हे ऐकून घ्यायला कोर्टाने नकार दिला.

ढिगाचा मुद्दा मात्र वेगळा निघाला. नियम ६४ कोर्टाला जप्त मालमत्ता किंवा "हुकूमनामा भागवण्यासाठी आवश्यक वाटेल तेवढा भाग" विकण्याचा अधिकार देतो. नियम ६६ तेच पुन्हा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अंबाटी नरसय्या प्रकरणात म्हटलं आहे की हा नुसता अधिकार नसून कोर्टावरचं बंधन आहे, आणि भाग विकून भागलं असतं का हे न तपासता केलेला लिलाव बेकायदा ठरतो. म्हणजे ही केवळ पक्षकाराने वेळेत घ्यायची हरकत नाही, कोर्टाने स्वतः करायची तपासणी आहे. रोजनाम्यात तशी तपासणी केल्याची एक ओळही नव्हती.

नुकसान दाखवायला आप्पांच्या वकिलांनी गुंतागुंत न करता एक साधा हिशोब दिला. लिलावाचा भाव बाजाराच्या साधारण ६१ टक्के आला. तोच पडेल भाव जिरायत गटाला लावला तरी साडेसोळा लाखांच्या जमिनीचे १० लाखांवर येतात. देणं ९,९८,०००. म्हणजे पडेल भावातही जिरायत एकटी पुरली असती आणि विहीर-केळीची तीन एकर वाचली असती. मार्च २०२५ मध्ये लिलाव रद्द झाला. घेणाऱ्याला त्याचे पैसे परत मिळाले. असा हुकूम अपीलयोग्य असतो, पण त्याने अपील केलं नाही.

हा निकाल आप्पांच्या बाजूने लागला म्हणून ही वाट भरवशाची समजू नये. पुरेशा भागाचा मुद्दाही जाहीरनाम्याआधीच मांडायला हवा होता, असं म्हणून अर्ज फेटाळणारं कोर्ट भेटू शकतं. घेणारा अपिलात गेला असता तर आणखी काही वर्षं गेली असती, आणि त्या सगळ्या काळात वर्षाला ५७,६०० रुपयांचं व्याज आप्पांच्याच नावावर चढलं असतं. शिवाय जिरायत गटाची किंमत आठ लाख असती तर हा हिशोब जुळलाच नसता. तेव्हा जिरायत आधी, कमी पडलं तर बागायतीचा तुकडेबंदीत अडकणार नाही इतका भाग नंतर, असे वेगवेगळे ढीग मागणं हाच योग्य अर्ज ठरला असता.

नवीन जाहीरनाम्याची नोटीस आली तेव्हा आप्पा हजर राहिले. एका गटाच्या म्हणण्याबरोबरच त्यांनी नियम ८३ खाली अर्ज दिला. हा नियम फार कमी वापरला जातो याचं मला नेहमी नवल वाटतं. मालमत्ता गहाण ठेवून, भाड्याने देऊन किंवा खाजगीत विकून पैसे उभे राहतील असं ऋणकोने कोर्टाला पटवलं तर लिलाव पुढे ढकलून कोर्ट त्याला ठरावीक मुदतीत तसं करण्याचा दाखला देतं. कलम ६४ ची आडकाठी त्या व्यवहाराला लागत नाही. अट एवढीच की पैसे ऋणकोच्या हाती न जाता थेट कोर्टात भरले जातात आणि कोर्टाने कायम केल्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही.

जिरायत गटाच्या बांधालगतच्या शेतकऱ्याने १६ लाख देऊ केले. लिलावात तो कधीच एवढे बोलला नसता. दाखल्यामुळे त्याला कागद स्वच्छ मिळणार होता. डिसेंबर २०२५ मध्ये रक्कम कोर्टात भरली गेली. तोवर देणं १०,८४,४०० झालं होतं, ते शेठना मिळालं, उरलेले ५,१५,६०० आप्पांना. दरखास्त पूर्ण समाधानाने निकाली निघाली आणि नियम ५५ प्रमाणे बागायत गटावरची जप्ती उठली.

जप्ती कायद्याने आपोआप उठते, सातबाऱ्यावरची नोंद उठत नाही. त्यासाठी कोर्टाकडून तहसीलदारांना पत्र काढून घ्यावं लागतं, त्यावरून फेरफार पडतो आणि मंजूर झाल्यावर इतर हक्कातला बोजा कमी होतो. आप्पांना मृगबागेसाठी सोसायटीचं पीककर्ज हवं होतं आणि इतर हक्कात कोर्टाची जप्ती दिसते म्हणून सचिवांनी प्रकरण बाजूला ठेवलं होतं. पत्राची नक्कल वकिलांकडून घेऊन ते स्वतःच तहसीलमध्ये गेले.